गॅस अजून कारखान्यातलाच

जुन्या घरगुती यंत्रांवरच्या लेखमालेसाठी संपादकांनी मला लखनौला पाठवलं. तिथे एका मराठी कुटुंबाचा गोदरेजचा एकदारी फ्रिज सत्तरच्या दशकापासून चालू आहे. भारतात फ्रिज बनवायला गोदरेजने १९५८ साली सुरुवात केली, त्यामुळे हा काही पहिल्या तुकडीतला नव्हे. पण त्याची तांब्याची नळी आजवर एकदाही कापलेली नाही आणि आतला गॅस कारखान्यात भरला तोच आहे. इतकी वर्षं तो टिकला कसा, हे मला बघायचं होतं.

घरातल्या आजींचे दोन नियम आहेत. लाइट गेली की फ्रिजचं बटण बंद करायचं आणि लाइट आल्यावर पाच मिनिटांनीच ते लावायचं, हा पहिला. फ्रीजरमधल्या बर्फाला सुरी लावायची नाही, हा दुसरा.

पाच मिनिटांचं कारण हा फ्रिज सांभाळणाऱ्या मिस्त्रींनी मला फ्रिजच्या मागे बसवून दाखवलं. कॉम्प्रेसर गॅस दाबून मागच्या काळ्या जाळीत ढकलतो. तिथे उष्णता सोडून गॅसचं द्रव होतं आणि ते केसासारख्या बारीक छिद्राच्या कॅपिलरी नळीतून फ्रीजरमध्ये उतरतं. मोटर चालू असताना नळीच्या एका टोकाला दाब खूप असतो आणि दुसऱ्या टोकाला कमी. मोटर थांबली की दोन्हीकडचा दाब हळूहळू सारखा होतो, पण एवढ्या बारीक वाटेने त्याला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात लाइट आली तर मोटरला त्या दाबाविरुद्ध सुरू व्हावं लागतं. ती घुमते, फिरत नाही, करंट वाढतो आणि ओव्हरलोड ‘टक्’ करून तिला तोडतो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. उन्हाळ्यात व्होल्टेज कमी असलं की हे जास्त होतं. असं वारंवार झालं की मोटरची वाइंडिंग जळते. या फ्रिजला जुना स्टॅबिलायझरही आहे, पण मिस्त्रींचा भरवसा आजींच्या घड्याळावर अधिक.

सुरीचं कारण त्याहून साधं आहे. फ्रीजरची पेटी पातळ अॅल्युमिनियमची असते आणि गॅसची वाट तिच्या भिंतीतूनच जाते. बर्फ खरवडताना टोक घुसलं की गॅस गेलाच. मिस्त्रींकडे दुरुस्तीला आलेले कितीतरी फ्रिज असेच गेलेले असतात. आजी दर पंधरवड्याला फ्रिज बंद करतात, फ्रीजरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवतात आणि बर्फ सुटण्याची वाट पाहतात. दाराचं रबर मात्र दोनदा बदललंय. ते ढिलं झालं की नाही, हे आजी दारात कागद अडकवून बघतात. कागद सहज ओढला गेला तर रबर गेलं.

गॅस कमी होऊ लागला तर ते कसं ओळखायचं, हेही घरात सगळ्यांना माहीत आहे. एरवी पेटीभर सारखं गोठणारं दव एका कोपऱ्यापुरतंच उरतं आणि मोटर थांबायचं नाव घेत नाही.

तसं झालं तर पुढे काय, हीच खरी चिंता. हा गॅस आर-१२, ओझोनचा थर खाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बनपैकी. माँट्रियल करारानुसार २०१० पासून भारतात त्याचा फ्रिजसाठीचा वापर बंद झाला. पर्यायी आर-१३४एचं जुन्या कॉम्प्रेसरमधल्या खनिज तेलाशी जमत नाही. तेल गॅसबरोबर फिरून परत यायला हवं, ते फ्रीजरमध्येच अडकून राहतं आणि मोटर कोरडी पडते. हायड्रोकार्बन गॅसचं त्या तेलाशी जमतं, पण तो पेट घेणारा. या फ्रिजचा थर्मोस्टॅट आतच आहे आणि तो जोडला-तुटला की बारीक ठिणगी पडते. गॅस आत गळला तर तेवढी पुरे. थर्मोस्टॅट बाहेर काढल्याशिवाय मिस्त्री त्या गॅसला हात लावणार नाहीत.

नवा फ्रिज घ्यावा म्हणणाऱ्या नातवाचा हिशोब विजेचा आहे. मे महिन्यात दीडशे वॅटची मोटर दिवसाला सोळा तास चालली तर २.४ युनिट होतात. नवा छोटा फ्रिज अर्ध्या युनिटच्या आसपास भागवतो. युनिटला साडेसहा रुपये धरले, तरी त्या महिन्यात पावणेचारशेच्या आसपास रुपये जास्त जातात. हा हिशोब आजींनाही मान्य आहे. त्यांचा नकार फ्रिज भंगारात द्यायला आहे, आणि मला तो पटला. भंगारवाला कॉम्प्रेसर काढताना नळी सरळ कापतो. शंभर ग्रॅम आर-१२ हवेत गेला तर तापमानवाढीच्या हिशोबात तो जवळपास एक टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो, ओझोनचं नुकसान वेगळंच. तो गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणारं यंत्र असतं, पण गल्लीतल्या मिस्त्रीकडे ते सहसा नसतं.

त्यामुळे नवा फ्रिज कोणता घ्यायचा हे नातवाने ठरवलं असलं, तरी सध्या तो असं यंत्र असलेला मिस्त्री शोधतोय. तो मिळेपर्यंत लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबणं चालूच राहील.