पट्टीमागचा काळा चौकोन : व्हिडिओ करताना पारदर्शकता कुठे हरवते?

मागच्या वर्षी आम्ही शिष्यवृत्तीच्या अर्जाविषयी दीड मिनिटाचा एक व्हिडिओ तयार केला. अर्जासोबत कोणती कागदपत्रे लागतात, एवढेच त्यात सांगायचे होते. एक ताई कॅमेऱ्यासमोर बोलत होत्या. कोपऱ्यात एका विद्यार्थिनीचा पार्श्वभूमी काढून टाकलेला फोटो येणार होता, ताईंच्या नावाची पट्टी डावीकडून सरकत येणार होती आणि तिच्या वर कागदपत्रांची नावे एकेक करून दिसणार होती. पट्टी एका मुलाने घरच्या संगणकावर बनवली. एडिटिंग दुसऱ्या गावातल्या एका मुलीने मोबाइलवर केले. फाइल्स व्हॉट्सअ‍ॅपवरून इकडून तिकडे गेल्या.

तयार व्हिडिओत विद्यार्थिनीच्या फोटोभोवती पांढरा चौकोन होता आणि नावाच्या पट्टीभोवती काळा. त्या काळ्या चौकोनाखाली ‘उत्पन्नाचा दाखला’ ही ओळ झाकली गेली. शेवटची तारीख जवळ आली होती, म्हणून आम्ही व्हिडिओ तसाच पाठवला. पुढच्या काही दिवसांत अर्ज भरायला आलेल्या मुलांपैकी काहीजण नेमका तोच दाखला न घेता आले.

चूक कोणाची, यावर बरीच चर्चा झाली. नंतर लक्षात आले की मुलाने पट्टी बरोबर बनवली होती आणि मुलीने एडिटिंगही बरोबर केले होते. पारदर्शकता वाटेत हरवली होती, तीही दोन वेगवेगळ्या ठिकाणी. आपल्याकडे कार्यक्रमांचे, भाषणांचे, माहितीचे व्हिडिओ बनवणारे बरेच तरुण याच जागी अडकतात, म्हणून हे नीट समजून घेऊ.

पारदर्शकता म्हणजे चौथा आकडा

डिजिटल चित्र असंख्य ठिपक्यांचे, म्हणजे पिक्सेलचे बनलेले असते. साध्या फोटोत प्रत्येक पिक्सेलसाठी तीन आकडे साठवलेले असतात : लाल किती, हिरवा किती आणि निळा किती. पारदर्शक चित्रात त्याच्या जोडीला चौथा आकडा असतो. त्याला अल्फा म्हणतात. अल्फा ० असेल तर तो पिक्सेल दिसतच नाही, मागचा व्हिडिओ दिसतो. २५५ असेल तर पिक्सेल पूर्ण दिसतो. मधला आकडा असेल तर दोन्ही थोडेथोडे मिसळून दिसतात. केसांच्या कडा, सावली, हळूहळू उमटणारे अक्षर हे सगळे या मधल्या आकड्यांवर चालते.

मुद्दा असा की हा चौथा आकडा ठेवायला प्रत्येक फाइल प्रकारात जागा नसते. पीएनजीमध्ये जागा आहे, जेपीजीमध्ये नाही. पारदर्शक चित्र जेपीजी म्हणून साठवले की चौथा आकडा फेकला जातो आणि रिकाम्या जागी पांढरा किंवा काळा रंग भरला जातो. त्या वेळी कोणतीही सूचना येत नाही.

आमच्या पहिल्या चौकोनाचे कारण हेच होते. मुलाने पीएनजीच पाठवली होती, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून. फोटो म्हणून पाठवलेले चित्र व्हॉट्सअ‍ॅप लहान करते आणि त्याचे जेपीजी करून टाकते. तीच फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली असती तर जशीच्या तशी पोहोचली असती.

आणखी एक फसगत नेहमी होते. इंटरनेटवर शोधताना राखाडी-पांढऱ्या चौकटींवर ठेवलेले चित्र दिसते आणि ते पारदर्शक आहे असे वाटते. त्या चौकटी म्हणजे ‘इथे काही नाही’ हे दाखवण्याची एडिटिंग अ‍ॅपची खूण असते. पण काही चित्रांत त्या चौकटीच चित्राचा भाग म्हणून छापलेल्या असतात. व्हिडिओवर ठेवून बघा. चौकटी दिसल्या तर ती पारदर्शक फाइल नाही.

कापलेला फोटो व्हिडिओवर ठेवताना

मोबाइल अ‍ॅपमध्ये याला लेअर, ओव्हरले किंवा पीआयपी म्हणतात. संगणकावर मूळ व्हिडिओ खालच्या ट्रॅकवर आणि पीएनजी वरच्या ट्रॅकवर ठेवायची. चित्र पडद्यावर जेवढे दिसणार आहे, निदान तेवढ्या पिक्सेलचे हवे. १९२० × १०८० च्या व्हिडिओत फोटो अर्ध्या उंचीचा दिसणार असेल, तर तो किमान ५४० पिक्सेल उंच असावा. लहान फोटो ताणला तर आधी त्याच्या कडा फुटतात.

फोटो ठेवल्यावर कडा मोठ्या करून तपासा. केसांभोवती किंवा खांद्याभोवती पांढरी रेघ दिसते का? फोटो मुळात पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला असेल, तर कडेच्या अर्धवट पारदर्शक पिक्सेलमध्ये भिंतीचा पांढरा रंग मिसळून राहतो. फिकट पार्श्वभूमीवर तो लपतो, गडद व्हिडिओवर उठून दिसतो. फोटो कापतानाच कड एक-दोन पिक्सेल आत घ्यावी आणि थोडी मऊ करावी, म्हणजे ही रेघ जाते. कापलेला फोटो नेहमी एकदा काळ्या आणि एकदा पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवून बघावा.

हलती पट्टी आणि एमपी फोर

दुसरा, काळा चौकोन जास्त फसवा होता. पट्टी सरकत येणारी होती, म्हणून मुलाने तिचा पाच सेकंदांचा व्हिडिओ बनवला आणि एमपी फोर म्हणून एक्स्पोर्ट केला. त्याच्या पडद्यावर पट्टीमागे काही नव्हते, पण एक्स्पोर्ट झालेल्या फाइलमध्ये काळे होते.

आपण वापरतो त्या बहुतेक एमपी फोर फाइल्स एच.२६४ या पद्धतीने दाबलेल्या असतात. त्यात प्रत्येक चित्राचा उजेड एक भाग आणि रंगाचे दोन भाग असे तीनच भाग साठवले जातात. रोजच्या अ‍ॅपमध्ये आणि मोबाइलमध्ये जे एच.२६४ चालते, त्यात चौथ्या भागाला जागा नाही. म्हणून कितीही चांगली क्वालिटी निवडा, पारदर्शकता राहत नाही.

मग ‘एमपी फोर नको, एमओव्ही कर’ असा सल्ला मिळतो. तो अर्धाच खरा आहे. एमओव्ही हा फक्त डबा आहे. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबले आहे, त्यावर सगळे अवलंबून असते. त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एमओव्हीच्या डब्यात एच.२६४ भरले तर पारदर्शकता जाते, प्रोरेस ४२२ भरले तरी जाते. प्रोरेस ४४४४ भरले तर राहते, कारण नावातला शेवटचा चार हा अल्फासाठी आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत अल्फाचा वेगळा पर्याय असेल तर तोही चालू करावा लागतो.

वेबएम फाइलमध्ये व्हीपी९ पद्धतीने पारदर्शकता ठेवता येते आणि फाइल लहान राहते, पण सगळी एडिटिंग अ‍ॅप्स ती वाचत नाहीत. एचईव्हीसीमध्ये ॲपलने २०१९ साली पारदर्शकतेची सोय आणली, ती मुख्यतः त्यांच्याच उपकरणांवर चालते. जीआयएफमध्ये पिक्सेल एकतर दिसतो किंवा दिसत नाही, मधले काही नसते. शिवाय एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग मिळतात. म्हणून जीआयएफच्या कडा करवतीसारख्या दिसतात.

सगळ्यात खात्रीचा मार्ग जुना आहे : हलती पट्टी पीएनजी चित्रांच्या मालिकेत एक्स्पोर्ट करायची. सेकंदाला ३० चित्रे धरली तर पाच सेकंदांच्या पट्टीची १५० चित्रे होतात. मूळ व्हिडिओ सेकंदाला जितक्या चित्रांचा असेल तितकीच इथेही ठेवावीत. ही चित्रे `patti_0001.png` अशा क्रमाने असतील, तर संगणकावर `ffmpeg` या मोफत साधनाने त्यांची प्रोरेस ४४४४ फाइल बनवता येते :

```
ffmpeg -framerate 30 -i patti_%04d.png -c:v prores_ks -profile:v 4444 -pix_fmt yuva444p10le patti.mov
```

फाइल बनल्यावर तिच्यात अल्फा खरोखर आहे का, हे असे तपासता येते :

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=codec_name,pix_fmt patti.mov
```

उत्तरात `pix_fmt` समोरचे नाव `yuva` ने सुरू झाले तर चौथा भाग आहे. `yuv420p` किंवा `yuv422p10le` आले तर तो गेला आहे. वेबएमच्या बाबतीत मात्र या तपासणीवर विसंबू नका. अल्फा असूनही तिथे `yuv420p` दिसू शकते. संगणक नसेल तर सोपी परीक्षा अशी की पट्टी एखाद्या भडक रंगाच्या चित्रावर ठेवायची. मागचा रंग दिसला की फाइल बरोबर आहे.

फक्त मोबाइल असेल तर

प्रोरेसची फाइल जड असते आणि अँड्रॉइड मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये ती उघडेलच असे नाही. आमच्या त्या मुलीकडे मोबाइलच होता. अशा वेळी पट्टीचा व्हिडिओ बनवायचाच नाही. पट्टीची एक स्थिर पीएनजी घ्यायची, ती लेअर म्हणून ठेवायची आणि सरकण्याची हालचाल त्याच अ‍ॅपमध्ये अ‍ॅनिमेशन किंवा कीफ्रेम वापरून द्यायची. बहुतेक नावाच्या पट्ट्यांना एवढे पुरते.

हालचाल गुंतागुंतीची असेल तर पट्टी हिरव्या पार्श्वभूमीवर बनवून एमपी फोर करता येते आणि एडिटिंग अ‍ॅपमधल्या क्रोमा की या सोयीने हिरवा रंग काढता येतो. पट्टीवर पंचशील ध्वजाचे रंग असतील तर निळी पार्श्वभूमी घेऊ नये, ध्वजातला निळाही जाईल. हिरवा त्यात नाही, म्हणून हिरवाच घ्यावा. या युक्तीला मर्यादा आहे. नेहमीच्या एमपी फोरमध्ये रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते, दोन्ही दिशांना निम्मीच. त्यामुळे बारीक अक्षरांच्या कडांना हिरवट छटा राहते आणि मऊ सावली तर घाण दिसते. अशा पट्टीत अक्षरे जाड ठेवावीत आणि सावली टाळावी.

काळी पार्श्वभूमी ‘स्क्रीन’ ब्लेंडने घालवण्याचा सल्लाही फिरत असतो. पांढऱ्या अक्षरांना तो ठीक आहे. माणसाच्या फोटोला वापरला तर काळे केस आणि गडद कोटही विरघळून जातात.

यावर्षी तोच व्हिडिओ आम्ही पुन्हा केला. मुलाने पट्टीची पीएनजी डॉक्युमेंट म्हणून पाठवली. मुलीने ती मोबाइलवरच डावीकडून सरकवली, कागदपत्रांच्या ओळी पट्टीच्या वर मोकळ्या ठेवल्या आणि सगळे एकत्र झाल्यावर शेवटी एमपी फोर काढली. तिथे एमपी फोर योग्यच होती, कारण फोटो, पट्टी आणि मूळ व्हिडिओ एकाच चित्रात मिसळून गेले होते. त्यापुढे कशाच्याही मागचे दिसायची गरज उरली नव्हती. ‘उत्पन्नाचा दाखला’ ही ओळ यावेळी स्वच्छ वाचता येत होती.