आधी नोंद पाहा, मग चाचणी निवडा

१९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १५० विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची छोटी फिल्म दाखवली. नंतर ५० जणांना विचारलं, गाड्या एकमेकींवर 'स्मॅश' झाल्या तेव्हा त्यांचा वेग किती होता? दुसऱ्या ५० जणांना हाच प्रश्न 'हिट' हे सौम्य क्रियापद वापरून विचारला. उरलेल्या ५० जणांना वेगाबद्दल काहीच विचारलं नाही. आठवड्याने सगळ्यांना पुन्हा बोलावून काही प्रश्न विचारले, त्यातला एक होता, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच कुठेच फुटलेली नव्हती. तरीही 'स्मॅश' गटातले १६ जण 'हो' म्हणाले. 'हिट' गटात असे ७ होते आणि तिसऱ्या गटात ६.

साक्षीदाराच्या आठवणीवर प्रश्नाच्या शब्दांचा परिणाम होतो, हे दाखवणारा हा प्रयोग प्रसिद्ध आहे. संख्याशास्त्र शिकणाऱ्यालाही तो उपयोगी पडतो, कारण त्यात एकाच माणसाकडून दोन वेगळ्या जातीच्या नोंदी घेतल्या आहेत. काचेच्या प्रश्नाला प्रत्येकाने 'हो' किंवा 'नाही' म्हटलं, तर वेगाचा प्रश्न ज्यांना विचारला त्यांनी आकडा सांगितला. कोणती चाचणी लावायची हे या फरकावरून ठरतं.

'हो-नाही'ची सरासरी काढण्यापेक्षा माणसं मोजणं सोपं. इथे काय-स्क्वेअर चाचणी लागते. १९०० साली कार्ल पिअरसनने मांडलेल्या या चाचणीचा विचार सरळ आहे. 'हो' म्हणणारे एकूण २९. क्रियापदाने काहीच फरक पडत नसता, तर ते तीन सारख्या गटांत सारखे वाटले गेले असते, म्हणजे दर गटात साधारण ९.६७ 'हो' आणि ४०.३३ 'नाही'. आता सहाही घरांत प्रत्यक्ष संख्या या अपेक्षेपासून किती दूर आहे ते पाहायचं, त्या अंतराचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचं आणि सहाही उत्तरांची बेरीज घ्यायची. ती सुमारे ७.८ येते. तीन गट आणि दोन उत्तरं असताना निव्वळ योगायोगाने ५.९९ च्या वर बेरीज जाण्याची शक्यता शंभरात पाच असते. ७.८ त्याच्या पुढे आहे, म्हणून क्रियापद आणि काचेची 'आठवण' यांचा संबंध मानायला आधार मिळतो.

या चाचणीची एक अट वारंवार मोडली जाते. एक माणूस तक्त्यात एकदाच मोजला गेला पाहिजे. समजा प्रत्येकाला काचेसारखे दहा प्रश्न विचारले आणि १५०० उत्तरं तक्त्यात भरली, तर चाचणी १५०० वेगळी माणसं आहेत असं धरून चालते आणि नसलेली खात्री दाखवते. तक्त्याची एकूण बेरीज माणसांच्या संख्येपेक्षा जास्त भरली, की ही चूक लगेच ओळखता येते. अपेक्षित संख्या पाचाच्या खाली गेली तरी उत्तर डळमळतं. अशा वेळी फिशरची अचूक चाचणी घ्यावी.

आता वेगाकडे येऊ. 'स्मॅश' गटाच्या अंदाजांची सरासरी ताशी १०.४६ मैल होती, 'हिट' गटाची ८ मैल. दोन स्वतंत्र गट आणि मोजमापाचे आकडे असले की टी-चाचणी घेतात. डब्लिनच्या गिनीज मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने तिचा पाया घातला. ही चाचणी विचारते की सरासरीतला फरक त्याच्या स्वतःच्या अनिश्चिततेच्या किती पट आहे. इथे फरक २.४६ मैल आणि टी २.०० आला, म्हणजे अनिश्चितता १.२३ मैलांची. १०० माणसांसाठी उंबरठा १.९८ च्या आसपास असतो, म्हणजे तो जेमतेम ओलांडला गेला. वेगाचे अंदाज 'जास्त' आणि 'कमी' अशा दोन खणांत टाकून काय-स्क्वेअरही करता आला असता, पण मग ९ आणि ३० मैल एकाच खणात पडले असते आणि हाती आलेली माहिती वाया गेली असती.

टी-चाचणीचा कमकुवतपणा लहान गटांत स्पष्ट दिसतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पहिल्या गटातले पाच जण वेग ८, ९, १०, ११ आणि १२ मैल सांगतात. दुसऱ्या गटातले १३, १४, १५, १६ आणि १७. सरासरीतला फरक ५ मैल आणि टी ५, म्हणजे भक्कम पुरावा. आता दुसऱ्या गटातल्या शेवटच्या माणसाने १७ ऐवजी ६० सांगितलं असं धरा. दुसरा गट आणखी वर गेला, फरक १३.६ मैल झाला. पण टी घसरून १.४९ वर येतो आणि २.३१ चा उंबरठा गाठत नाही. त्या एका आकड्याने सरासरी जितकी वर ओढली, त्याहून जास्त पसारा वाढवला.

क्रमांकांवर चालणारी चाचणी इथे कामी येते. फ्रँक विल्कॉक्सनने १९४५ मध्ये ती सुचवली आणि १९४७ मध्ये मान व व्हिटनी यांनी तिचा विस्तार केला. दहाही उत्तरं एका ओळीत लावून त्यांना १ ते १० क्रमांक द्यायचे. पहिल्या गटाला १ ते ५ मिळतात, दुसऱ्याला ६ ते १०. शेवटचा माणूस १७ म्हणो की ६०, त्याचा क्रमांक १० च. दहा क्रमांकांतून पाच निवडण्याचे २५२ प्रकार आहेत. त्यातले दोनच असे, की एक गट पूर्णपणे दुसऱ्याच्या वर जातो. म्हणजे योगायोगाने असं घडण्याची शक्यता शंभरात एकाहूनही कमी.

मानसशास्त्रात लांब शेपटीची अशी माहिती नेहमी भेटते. प्रतिसादाला लागलेला वेळ बहुधा काही शे मिलिसेकंद असतो, पण एखाद्याचं लक्ष विचलित झालं की तो कित्येक सेकंदांवर जातो. बेक नैराश्य प्रश्नावलीत २१ प्रश्नांचे मिळून ० ते ६३ गुण होतात. सर्वसाधारण लोकांत ती घेतली, तर बहुतेकांचे गुण खालच्या टोकाशी दाटतात. 'पूर्ण असहमत' ते 'पूर्ण सहमत' अशा एकाच प्रश्नाच्या उत्तरात क्रम नक्की असतो, पायऱ्यांमधली अंतरं मात्र सारखी आहेत का हे सांगता येत नाही. इथे क्रमांकांची चाचणी साजते.

तिच्याही मर्यादा आहेत. एका गटातली उत्तरं दुसऱ्यापेक्षा वर असण्याकडे कल आहे का, एवढंच ती सांगते. किती मैलांनी वर, हे सांगत नाही. ती मध्यकांची तुलना करते असं अनेकदा लिहिलं जातं, पण दोन्ही गटांच्या पसाऱ्याचा आकार सारखा असेल तरच ते खरं. शिवाय लॉफ्टस यांच्यासारखे ५०-५० जणांचे गट असतील, तर मध्यम तिरकेपणा टी-चाचणी सहज झेलते. पसारे वेगळे असतील तर वेल्चने सुधारलेली टी-चाचणी घ्यावी.

ही सगळी निवड वेगवेगळ्या माणसांच्या गटांसाठी आहे. तीच माणसं उपचारापूर्वी आणि नंतर तपासली असतील, तर प्रत्येक चाचणीचं जोडीचं रूप घ्यावं लागतं. आकड्यांसाठी जोडीची टी-चाचणी, क्रमांकांसाठी विल्कॉक्सनची चिन्हांकित क्रमांक चाचणी आणि 'हो-नाही'साठी मॅक्नेमारची. आणि निवड निकाल पाहण्याआधी कागदावर उतरलेली हवी. तिन्ही चाचण्या लावून ज्या उत्तराने काम भागेल तेच छापलं, तर शंभरात पाच म्हणून लिहिलेली चुकीची शक्यता प्रत्यक्षात त्याहून मोठी असते आणि वाचकाला ते कळायला मार्ग राहत नाही.