उठताना डोळ्यांपुढे अंधारी का येते?

खुरपणीला आपण तासन् तास उकिडवं बसलेलो असतो. बांधावरून कुणीतरी हाक मारतं, आपण झटकन उठतो आणि डोळ्यांपुढे काळं होतं. पाच-सात सेकंदांत पुन्हा लख्ख दिसायला लागतं. "अशक्तपणा आलाय" असं म्हणून आपण कामाला लागतो. आज त्या पाच-सात सेकंदांबद्दल बोलणार आहोत, कारण आमच्या गटातल्या एका काकूंच्या बाबतीत ते सेकंद लांबले आणि त्या पहाटे मोरीत पडल्या.

आधी बसल्या जागी एक करून पाहा. एक हात मिनिटभर खाली मोकळा सोडा. पंजाच्या मागच्या शिरा फुगतात. तोच हात डोक्यावर धरा, शिरा बसून जातात. रक्तही पाण्यासारखं उताराकडे धावतं. आपण आडवे असतो तेव्हा डोकं, छाती आणि पाय एका पातळीत असतात. उभं राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त छातीकडून पोटात आणि पायांत उतरतं, म्हणजे जवळजवळ तांब्याभर. हृदयाकडे तेवढं कमी रक्त परत येतं, म्हणून ते पुढे ढकलतं तेही कमी, आणि बीपी उतरतं. मेंदू तर सगळ्यात उंचावर बसलेला. डोळ्याच्या आत स्वतःचाही दाब असतो, त्यामुळे दाब कमी पडला की रक्ताला तिथे शिरणं जड जातं. म्हणून अंधारी आधी येते आणि शुद्ध हरपायची वेळ आलीच तर ती नंतर.

मग आपण रोज उठताना पडत का नाही? कारण रक्तवाहिन्यांत पहारेकरी आहेत. जबड्याच्या कोपऱ्याखाली गळ्याला बोट लावलं की ठोका लागतो. तिथे मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीला फाटा फुटतो, आणि त्या जागी धमनीच्या भिंतीत मज्जातंतूंची बारीक टोकं असतात. दुसरी चौकी हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीच्या कमानीत आहे. डॉक्टर त्यांना बॅरोरिसेप्टर म्हणतात. (ठोका पाहायचा तर एकाच बाजूला, हलक्या बोटाने. गळा चोळायचा नाही. तिथे दाबलं तर पहारेकऱ्याला वाटतं बीपी वाढलं, आणि काही म्हाताऱ्या माणसांचं हृदय त्याने एकदम मंदावतं.)

या टोकांना भिंतीचा ताण कळतो. दाब जास्त असला की भिंत ताणली जाते आणि मेंदूकडे भराभर निरोप जातात. दाब उतरला की निरोप विरळ होतात. पिठाच्या गिरणीत पट्ट्याच्या आवाजात डुलक्या घेणारा गिरणीवाला आवाज थांबला की जागा होतो ना, तसंच मेंदूचं आहे. निरोप थंडावले की तो खडबडून कामाला लागतो.

तो दोन कामं करतो. हृदयावर एका मज्जातंतूचा ब्रेक कायम थोडा लावलेला असतो, तो सैल करतो. हे एका-दोन ठोक्यांत होतं, म्हणून उठल्यावर छाती धडधडते. दुसरं काम म्हणजे पायांतल्या आणि पोटातल्या रक्तवाहिन्या आवळायला लावणं. त्याने बीपी सावरतं, पण आवळायला काही सेकंद लागतात. निरोगी माणसातही उठल्यावर साधारण दहाव्या सेकंदाला बीपी सगळ्यात खाली असतं आणि अर्ध्या मिनिटात जागेवर येतं. अंधारी येते ती या मधल्या वेळात. उकिडवं बसून उठताना ती जास्त येते, कारण दुमडून दाबलेल्या पायांच्या वाहिन्या एकदम मोकळ्या होतात. त्यात उन्हाने कातडीकडच्या वाहिन्या सैल झालेल्या आणि घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असलं, तर मग विचारायलाच नको.

आता काकूंची गोष्ट. वय साठीच्या पुढे, साखरेचा आजार बरीच वर्षं, बीपीची गोळी चालू. बीपी नेहमी खुर्चीत बसवून मोजलं जायचं, आणि दर वेळी "ठीक आहे" असंच ऐकायला मिळायचं. त्या पडल्यावर आशाताईंनी वेगळ्या रीतीने मोजलं. काकूंना पाच मिनिटं आडवं निजवलं: बीपी 150 आणि 86, नाडी 78. मग उभं केलं, शेजारी दोघी धरायला तयार. एका मिनिटाला बीपी 124 आणि 74. तिसऱ्या मिनिटाला 118 आणि 70, नाडी 82. म्हणजे वरचा आकडा 32 ने उतरला. तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर ते दवाखान्यात दाखवायचं असतं.

पण आशाताईंनी बोट ठेवलं ते नाडीवर. बीपी इतकं उतरूनही नाडी फक्त चारच ठोक्यांनी वाढली. पहारेकरी निरोप देत होते, मेंदू हुकूम सोडत होता, पण तो हुकूम नेणाऱ्या मज्जातंतूच साखरेने खराब झाल्या होत्या. तळपायाची आग आणि मुंग्या ज्या कारणाने होतात, त्याच कारणाने.

याच्या उलट आमच्याच गटातली एक तरुण सून. पाळीत महिनोन् महिने फार अंगावर जायचं. तिचं बीपी उभं राहिल्यावर थोडंसंच उतरलं, पण नाडी 88 वरून 122 वर गेली. तिचे पहारेकरी आणि मज्जातंतू झटून काम करत होते. कमी होतं ते रक्त. नुसतं बीपी पाहिलं असतं तर "काही नाही" म्हणून तिला घरी पाठवलं असतं. पाळी चुकलेली असताना पोटात दुखून अशी घेरी येत असेल, किंवा शौचाला डांबरासारखं काळं होत असेल, तर आत रक्तस्राव चालू असू शकतो. तेव्हा मोजत बसायचं नाही, गाडी बोलवायची.

काकूंच्या गोळ्या डॉक्टरांनी बदलून दिल्या. गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही हे त्यांनी दोनदा बजावलं, कारण निजल्यावर काकूंचं बीपी चढतंच. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा लावून डोक्याकडची बाजू वीतभर उंच केली. आता पहाटे त्या आधी उठून बसतात, पाय खाली सोडून पावलं वर-खाली करतात, भांडंभर पाणी पितात आणि मगच उभ्या राहतात. पोटऱ्या आवळल्या की पायांत साचलेलं रक्त वर ढकललं जातं. मज्जातंतू करत नाहीत ते काम काकू अशा स्वतः करतात. तरीही अंधारी आली तर त्या लगेच खाली बसतात, भिंत धरून उभ्या राहत नाहीत.

कुणी पडलंच तर आपल्याकडे चार जणी धावतात आणि तिला धरून बसवतात, उभी करतात. तसं करू नका. तिला आडवीच राहू द्या आणि पाय उंच धरा. पायांतलं रक्त छातीकडे परतलं की बहुतेक वेळा मिनिटभरात डोळे उघडतात. ती निजलेली असताना किंवा ओझं घेऊन चढण चढत असताना शुद्ध गेली असेल, तर मात्र उठण्याशी त्याचा संबंध नाही. तिथे हृदयाची तपासणी त्याच दिवशी करून घ्यावी लागते.

तुमच्या गटाकडे बीपीचं मशीन असेल तर येत्या बैठकीला एक सतरंजी न्या. साखर असलेल्या आणि बीपीची गोळी घेणाऱ्या जाऊ-सासवांचं आधी निजवून, मग उभं करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला मोजा, आणि प्रत्येक वेळी नाडीचा आकडाही शेजारीच लिहा.