ग्रेपफ्रूटचा रस आणि कोलेस्टेरॉलची गोळी

सकाळी ग्रेपफ्रूटचा रस घ्यायचा आणि कोलेस्टेरॉलची गोळी रात्री, म्हणजे दोन्हींची गाठच पडणार नाही, असं अनेकांना वाटतं. हा समज चुकीचा आहे, आणि सिमव्हास्टॅटिन घेणाऱ्याला तो महागात पडू शकतो.

आपल्या लहान आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एक विकर असतं. सिमव्हास्टॅटिनची गोळी गिळली की त्यातलं बरंचसं औषध हे विकर आतड्यातच मोडून टाकतं, उरलेल्याचा मोठा भाग यकृत मोडतं. रक्तात पोहोचतं ते जेमतेम पाच टक्के. गोळीची मात्रा ही सगळी घट धरूनच ठरवलेली असते. ग्रेपफ्रूटमधली फ्युरॅनोकुमारिन ही द्रव्यं आतड्यातलं हे विकर कायमचं निकामी करतात. शरीराला ते नव्यानं तयार करावं लागतं आणि त्याला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून सकाळच्या रसाचा परिणाम रात्रीच्या गोळीवर होतोच.

फिनलंडमधल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना तीन दिवस रोज 200 मिलिलिटर साधा रस दिला आणि तिसऱ्या दिवशी त्यासोबत 40 मिलिग्रॅम सिमव्हास्टॅटिन. रक्तातलं औषध साडेतीन पटींच्या आसपास वाढलं. एवढ्याशा पेल्यानं! मात्रा अशी वाढली की धोका असतो स्नायूंना. मांड्या, खांदे विनाकारण दुखू लागतात, जिना चढताना पायांत बळ राहत नाही. क्वचित स्नायू इतके झिजतात की लघवी चहासारखी काळपट होते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायला हवं; क्रिएटिन कायनेज या रक्ततपासणीत स्नायूंची झीज कळते.

लोव्हास्टॅटिनचंही सिमव्हास्टॅटिनसारखंच आहे. आपल्याकडे सर्रास दिलं जाणारं अटोरव्हास्टॅटिन मधलं: एखाद्या पेल्यानं ते थोडंच वाढतं, पण रोज लिटरभराहून अधिक रस पिणाऱ्यात बरंच. रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन आणि फ्लुव्हास्टॅटिन मोडण्याचं काम मुळात या विकराकडे नाहीच, त्यामुळे त्यांना ग्रेपफ्रूटची फारशी बाधा होत नाही. पिटाव्हास्टॅटिनचंही तसंच. फळ सोडवत नसेल, तर वेळा बदलण्यापेक्षा गोळी बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारणं शहाणपणाचं.

ग्रेपफ्रूट आपल्या बाजारात तसं कमीच, पण त्याचं जनक फळ असलेलं पपनस कोकणात, गोव्यात गणपतीच्या दिवसांत घरोघरी असतं आणि त्यातही फ्युरॅनोकुमारिन असतात. सिमव्हास्टॅटिन चालू असेल तर पपनसही टाळलेलंच बरं. मोसंबी आणि नेहमीचं संत्रं मात्र खुशाल खावं.

आज घरातल्या गोळ्यांच्या पाकिटावर छापलेलं मूळ औषधाचं नाव वाचून घ्या. ते सिमव्हास्टॅटिन निघालं, तर रस थांबवा. गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.