कथेतला पाऊस काय काम करतो?

कथेत पाऊस आला की बहुतेक वेळा त्याच्यामागून खिडकी येते आणि खिडकीशी उदास बसलेलं कुणीतरी येतं. पात्राचं मन भरून आलेलं असतं, म्हणून आभाळही भरून येतं. असा परिच्छेद तपासायची एक सोपी रीत आहे. त्यातला पाऊस खोडायचा, जागी कोरडं ऊन लिहायचं आणि पुढची घटना बदलते का ते बघायचं. बदलत नसेल, तर तो पाऊस नुसताच पडत होता, कथेत त्याला काही काम नव्हतं.

काम करणारा पाऊस कसा असतो हे पाहायचं तर रवींद्रनाथ ठाकूरांची ‘पोस्टमास्तर’ ही कथा उघडावी. ती 1891 सालची आहे. त्या काळात रवींद्रनाथ पूर्व बंगालात घरच्या जमीनदारीचा कारभार पाहत होते आणि पद्मेच्या खोऱ्यातला पावसाळा त्यांच्या रोजच्या जगण्यातला होता. कलकत्त्याचा एक तरुण उलापूर नावाच्या खेड्यात पोस्टमास्तर म्हणून येतो. घरकामाला रतन नावाची बारा-तेरा वर्षांची पोरकी मुलगी असते. एवढीच दोन माणसं, आणि तिसरा पाऊस.

तो पाऊस तीन वेगळ्या रूपांत येतो आणि प्रत्येक रूपाला वेगळं काम आहे. आधी येते उघडीप. पावसाळ्यातल्या एका दुपारी ढग सरतात, ओल्या गवतातून उन्हाचा वास येतो, कुठेतरी एक पक्षी एकसारखा ओरडत असतो. पोस्टमास्तरला हातात काम नसतं, जवळचं माणूस नसतं. त्या रिकाम्या, कोवळ्या वेळेत तो रतनला हाक मारतो आणि तिला लिहायला-वाचायला शिकवायचं ठरवतो. तेव्हा धो धो पाऊस असता तर तो कुढत पडून राहिला असता. त्याच्या मनाची कड ओली करायला उघडीपच हवी होती.

मग श्रावणाची झड लागते. तळी, नाले, खड्डे भरतात, वाटा पाण्याखाली जातात, बाजारालाही होडीने जावं लागतं. आता पोस्टमास्तर कुठे जाऊ शकत नाही आणि त्याच्याकडे कुणी येऊ शकत नाही. अशाच एका काळवंडलेल्या दिवशी त्याला ताप भरतो. रतन उशाशी बसते, वैद्याला बोलावते, पथ्याचं रांधते, रात्री जागते. काल धडा गिरवणारी पोर एका रात्रीत घरची मोठी बाई होते. पावसाने दार बाहेरून लावलं नसतं, तर हे नातं इतक्या लवकर इतकं खोल गेलं नसतं आणि वाचकालाही ते पटलं नसतं.

बरा झाल्यावर पोस्टमास्तर बदली मागतो. ती नाकारली जाते, तेव्हा तो नोकरीच सोडतो. रतन विचारते, मला तुमच्या घरी न्याल का? तो हसून ते शक्य नसल्याचं सांगतो. इथे पावसाचं तिसरं रूप येतं, ते म्हणजे फुगलेली नदी. होडी निघाल्यावर त्याला वाटतं की मागे फिरावं, त्या मुलीला घेऊन यावं. पण शिडात वारा भरलेला असतो, पावसाळी ओढ जोरात असते आणि गाव मागे पडलेलं असतं.

या शेवटातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रतनला सोडून जायचं ठरवलं ते पोस्टमास्तरने, पावसाने नाही. नदीने फक्त निर्णय बदलायची सोय काढून घेतली. पावसाळी कथा बहुधा इथेच फसते. लेखक दोघांना भांडणाच्या टोकावर आणतो आणि मग पूर येऊन एकाला वाहून नेतो. जो प्रश्न माणसांनी सोडवायचा, तो आभाळाने सोडवला, म्हणून वाचक फसवल्यासारखा होतो. पावसाने अडचण निर्माण करावी, सुटका करू नये. आणि शेवटी ज्या पाण्याचं काम पडणार आहे, ते आधीपासून चढताना दिसलं पाहिजे. रवींद्रनाथांनी होडीने बाजाराला जाणारी माणसं आधीच दाखवून ठेवली आहेत, म्हणून शेवटची ओढ अचानक आल्यासारखी वाटत नाही.

कथेची चालही पावसावर बसवता येते. ‘पोस्टमास्तर’मध्ये उघडिपीची दुपार सावकाश येते, वास आणि आवाजासकट, तर आजारपण चार-सहा ओळींत उरकतं. झडीत दिवस एकमेकांत मिसळतात, म्हणून आठ दिवस एका वाक्यात जातात. उघडीप मोजकी असते, म्हणून तिच्यातला तास पानभर चालतो.

आपल्याकडे तर पावसाला नक्षत्रांचं वेळापत्रक आहे, आणि कथेला ते फार उपयोगी पडतं. कोकणातल्या भातशेतीची एक कथा रचून बघू. दोन भाऊ, वाटणीपासून बोलणं बंद. थोरल्याचं खाचर वर, धाकट्याचं खाली, मधे एक मेर. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मृगाच्या पावसावर धाकट्याने रोपं टाकली. भाताचं रोप साधारण तीन-साडेतीन आठवड्यांचं झालं की लावावं लागतं. त्यापुढे ते जितकं जून होईल, तितके त्याला फुटवे कमी. आणि चिखलणीला खाचरात पाणी साचलेलं हवं. आर्द्रा कोरडं गेलं. रोपं पिवळी पडायला लागली. या पंधरा दिवसांत कथेत पाऊस नाही, पण प्रत्येक ओळ पावसाचीच आहे. जेवताना कुणी वर बघतं, कुणी उगाच चिडतं. ताण वेगळा सांगावा लागत नाही.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुनर्वसू लागतं आणि तरणा पाऊस कोसळतो. आता सगळ्या वाडीला एकाच दोन दिवसांत चिखलणी करायची आहे आणि पॉवर टिलर एकच, तोही थोरल्याकडे. धाकट्याने त्याच्या दारात जायचं की नाही, हे त्याला उद्यापर्यंत ठरवायला लागतं. वर्षभर टाळलेली गोष्ट पावसाने तारखेवर आणून ठेवली. समजा, तो गेला, टिलर मिळाला, लावणी झाली, पण दोघांत एक शब्दही झाला नाही. चार दिवसांनी रात्री पुन्हा मुसळधार सुरू होते. नुकतं लावलेलं रोप मातीत धरलेलं नसतं. थोरल्याने उठून आपल्या खाचराचं पाणी ओहोळाकडे काढून दिलं नाही, तर मेर फुटून धाकट्याची लावणी वाहून जाणार. थोरला जागा आहे. बाहेर पाऊस किती आहे हे त्याला ऐकूनच कळतं. पाऊस एवढंच करतो. फावडं उचलायचं की कूस बदलायची, हे थोरल्याचं.

हीच कथा उचलून माण-खटावच्या माळावर नेली तर चालणार नाही. तिथे खाचर नाही, चिखलणी नाही, वरून येणारं पाणी नाही. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो. आणखी पूर्वेला कथेचा प्रश्नच बदलतो. तिथे एका सरीवर बाजरी पेरली जाते, मग दोन-तीन आठवड्यांचा खंड पडतो आणि उगवलेलं जळून जातं. दुबार पेरणीचं बियाणं घ्यायला पैसे मागायचे ते कुणाकडे, भावाकडे की सावकाराकडे, आणि पाऊस पुन्हा येईल या भरवशावर मागायचे की नाही, यावर तिथली कथा उभी राहते.