किमान रकमेच्या पुढचे 2,800 रुपये

परवा भाचीने क्रेडिट कार्डाचं बिल माझ्यापुढे ठेवलं. एकूण देय 1,04,130 रुपये, किमान देय 5,206. “मामा, किमान रक्कम मी दर महिन्याला न चुकता भरते. तरी आकडा का हलत नाही?”

आधीच्या महिन्याची बाकी होती 1,00,000. त्यावर महिना साडेतीन टक्क्यांनी 3,500 रुपये व्याज लागलं आणि त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 630. तिच्या बँकेत किमान देय म्हणजे एकूण बिलाच्या पाच टक्के. म्हणजे 5,206 भरले, तरी त्यातले 4,130 व्याज आणि करातच गेले; मुद्दल फिटलं जेमतेम 1,076. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड टळतो, व्याज मात्र टळत नाही.

आणि बाकी उतरली की पाच टक्केही उतरतात, हप्ता आपोआप लहान होत जातो. असं वर्षभर चाललं, तर ती सुमारे 59,000 रुपये भरेल आणि बाकी राहील जवळपास 87,800. कर्ज निम्म्यावर यायलाच पाच वर्षांहून जास्त लागतील.

मग आम्ही वही घेऊन बसलो. हप्ता कमी न होऊ देता दर महिन्याला 5,200च भरले, तर 39 महिने आणि शेवटचा किरकोळ हप्ता, एकूण 2,03,150 रुपये. 8,000 भरले तर 18 महिन्यांत, 1,43,560 रुपयांत मोकळी. 10,000 झेपले तर 14 महिने आणि सुमारे 1,31,660 रुपये.

5,200 आणि 8,000 मधल्या या तफावतीने ती चकित झाली. पण व्याजाचा वाटा आधीच वळता झालेला असतो, त्यामुळे वरचे 2,800 सगळेच्या सगळे मुद्दलात जातात. पहिल्याच महिन्यात 1,070च्या जागी 3,870 मुद्दल फिटतं. माझ्या मते ओढाताण करायचीच, तर ती याच रकमेसाठी करावी.

हा हिशेब कार्ड कपाटात राहिलं तरच खरा. मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला त्या दिवसापासून व्याज सुरू होतं. शिवाय व्याजाचा दर आणि किमान रकमेचं सूत्र बँकेगणिक बदलतं, तेव्हा आपल्या बिलावरचेच आकडे घ्यावेत.

तिच्या ऑटो-पेला ‘किमान देय’ हाच पर्याय निवडलेला होता. तारीख चुकू नये म्हणून तो तसाच ठेवला. 8,000ला जेवढे कमी पडतील तेवढे पगाराच्याच दिवशी भरायचे ठरले, कारण व्याज रोजच्या बाकीवर मोजलं जातं.