आत्याआजीचं पत्र: वेळ कोणता, वेळ कोणती?

चिरंजीव सोहम,
अनेक आशीर्वाद.

शिष्यवृत्तीच्या सराव प्रश्नात ‘वेळ’ या शब्दाचं लिंग तू ‘पुल्लिंग’ लिहिलंस आणि ते चुकीचं कसं, असं फोनवर विचारलंस. ऐक. ‘खेळण्यात माझा वेळ गेला’ इथे वेळ म्हणजे कालावधी, म्हणून तो वेळ. ‘गाडीची वेळ झाली’ इथे घड्याळातला ठरावीक क्षण, म्हणून ती वेळ. प्रश्नातलं वाक्य होतं, ‘शाळेची वेळ बदलली.’ तू शब्द पाहिलास, वाक्य नाही. ‘शाळेचा वेळ बदलला’ असं मोठ्याने म्हणून बघ, कानाला खटकेल.

हे खटकणं पाठांतराने येत नाही. गोष्टीत वेळ ‘जातो’, एसटीच्या फलकावर ती ‘सुटण्याची’ असते, पाककृतीत पदार्थ शिजायला तो ‘लागतो’. एकच शब्द निरनिराळ्या ठिकाणी भेटला की त्याच्या सवयी कळतात. म्हणून रोज दोन वेगळ्या प्रकारचं वाच: ‘किशोर’मधली गोष्ट आणि वर्तमानपत्रातली एक बातमी. अडलेला शब्द वहीत एकटा लिहू नकोस, अख्खं वाक्य उतरव.

मात्र शुद्धलेखनात कानावर विसंबू नकोस. ‘जमीन’ दीर्घ, पण ‘जमिनीत’मधला ‘मि’ ऱ्हस्व. बोलताना हा फरक जाणवत नाही. तिथे नियम शीक आणि छापील शब्द डोळ्यांत साठव.

पुढच्या पत्रात ‘वेळ’ची दोन वाक्यं पाठव, एक ‘तो’चं, एक ‘ती’चं.

तुझी,
आत्याआजी